माझा क्लॅम्प मीटर शून्य दाखवत होता

आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो आणि पुढची चार वर्षं सोलापूर-बार्शी भागात घरांचं वायरिंग केलं. खिशात टेस्टर, कमरेला पक्कड आणि क्लॅम्प मीटर. तारेत करंट आहे की नाही हे त्या क्लॅम्प मीटरला विचारायचं आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय हाताला पक्की बसलेली. सोलरकडे वळलो तेव्हा पहिल्यांदा हीच सवय सोडावी लागली.

वळण्याचं कारण साधं होतं. ज्या बंगल्यांचं वायरिंग मी केलं होतं तिथेच पुढे सोलरवाले येऊन पॅनेल बसवून जायचे आणि मालक मला विचारायचे, "तू का नाही करत हे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग सूर्यमित्र प्रशिक्षणाची माहिती मिळाली. केंद्र सरकारच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा हा कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला आणि गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो देशभरातल्या केंद्रांमार्फत चालवायची. ६०० तास, म्हणजे तीन महिने, राहणं-जेवण केंद्रातच आणि फी काही नाही. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा आयटीआय झालेल्यांना आणि डिप्लोमावाल्यांना प्रवेश. इंजिनिअरिंगची पदवी असलेल्यांना मात्र नाही, कारण हे शिक्षण हातानं काम करणाऱ्यांसाठी होतं.

आमच्या तुकडीत साधारण अर्धे आयटीआयचे आणि बाकीचे डिप्लोमाचे. माझ्या खोलीत लातूरचा एक इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला होता. त्याला गणित यायचं, मला हत्यार चालवता यायचं. पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांनाही आपलंच जास्त कामाचं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर प्रॅक्टिकल होतं. आठ पॅनेल ओळीनं जोडलेली, म्हणजे एक स्ट्रिंग, आणि ती इन्व्हर्टरला जोडून चालू होती. सरांनी मला सांगितलं, "स्ट्रिंग सोडव." मी नेहमीप्रमाणे आधी क्लॅम्प मीटर काढला आणि डीसी केबलला अडकवला. काटा शून्यावर, नीट शून्यावर. करंट नाही म्हणून मी पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या एमसी फोर कनेक्टरची चावी घेतली आणि कनेक्टरच्या दोन्ही कानांवर दाबली. सरांनी माझं मनगट धरलं. काही बोलले नाहीत. स्वतःचा मीटर त्याच केबलला लावून माझ्यासमोर धरला. पावणेआठ अँपिअर.

माझा मीटर बिघडलेला नव्हता. साधा क्लॅम्प मीटर आतून ट्रान्सफॉर्मरच असतो. तारेतला प्रवाह सतत बदलत असेल तरच त्याला तो कळतो. डीसीचा प्रवाह एकाच दिशेनं, एकसारखा वाहतो, त्यामुळे त्याच्या लेखी तिथे काहीच नसतं. डीसी मोजायला हॉल सेन्सरचा क्लॅम्प लागतो, तो वेगळा आणि महाग. मल्टिमीटरचं बटण चुकून एसीवर राहिलं तर तोही बहुतेक वेळा तीनशे व्होल्टच्या स्ट्रिंगवर शून्याच्या आसपास काहीतरी दाखवतो. चार वर्षं मी 'शून्य' या शब्दाचा एकच अर्थ धरून चाललो होतो, आणि त्या दिवशी त्याच अर्थानं माझा हात भाजला असता.

कनेक्टर ओढला असता तर काय झालं असतं ते सरांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं. तीन पॅनेल, त्यांवर हीटरची कॉइल, आणि मध्ये घरात वापरतो तसा साधा स्विच. स्विच बंद केला. घरात हे करताना आत बारीकशी ठिणगी पडते आणि विझते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, एका सेकंदात शंभर वेळा शून्यातून जाते आणि त्या शून्यावर ठिणगी आपोआप मरते. डीसीला असं शून्य नाहीच. स्विच बंद होऊनही कॉइल लालच राहिली, स्विचच्या फटीतून निळसर उजेड दिसू लागला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. सरांनी पॅनेलवर काळी ताडपत्री टाकली तेव्हा कुठे ते थांबलं. "सूर्याला मेन स्विच नाही," एवढंच ते म्हणाले. म्हणून क्रम ठरलेला: आधी इन्व्हर्टर बंद, मग एसीकडचा एमसीबी, मग पॅनेलकडचा स्विच, म्हणजे डीसी आयसोलेटर, मग डीसी क्लॅम्पनं खरोखर शून्य आलंय का पाहायचं, आणि त्यानंतरच कनेक्टरला हात लावायचा.

वायरमनला पचायला अवघड असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे शॉर्टसर्किट. घरात फेज-न्यूट्रल चिकटले की एमसीबी फाट्‌दिशी पडतो. पॅनेलच्या मागे एक लेबल असतं. ५४० वॅटच्या पॅनेलवर काम करताना करंट १३ अँपिअर आणि शॉर्ट केल्यावर १३.९, असे आकडे असतात. फरक एक अँपिअरसुद्धा नाही. म्हणजे एका स्ट्रिंगच्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी १६ अँपिअरचा एमसीबी शांत बसून राहतो, आणि तार मात्र चिकटल्या जागी जळत राहते. सोलरमध्ये संरक्षणाचं मोठं काम उपकरणापेक्षा फिटिंगच करतं. क्रिंपिंग, म्हणजे पिनेत तार दाबून पक्की करणं, नीट केलं का, केबल कुठे घासत नाही ना, कनेक्टर टिक् आवाज होईपर्यंत बसला का, यावरच सगळं उभं असतं. एमसी फोरची पिन पक्कडीनं दाबायची नाही, तिचं क्रिंपिंगचं हत्यार वेगळं येतं. मी सुरुवातीच्या पन्नास पिना कापून सरांना आतला भाग दाखवला. पहिल्या वीसमध्ये तारेचे केस सुटे दिसत होते.

खोलीतल्या सोबत्याकडून मी काय शिकलो तेही सांगायला हवं. एका सरावात इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५५० व्होल्ट दिली होती आणि पॅनेलचा उघडा व्होल्टेज, म्हणजे लोड नसतानाचा, ४९.५. किती पॅनेल ओळीत लावता येतील? मी ११ ला ४९.५ नं गुणलं, ५४४.५ आलं, ५५० च्या आत. लिहून मोकळा झालो. त्यानं वहीत दहा लिहिलं होतं. लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. पॅनेल थंड झालं की व्होल्टेज वाढतो, या पॅनेलचा दर अंशाला ०.२७ टक्के. निफाडला थंडीत पारा ५ अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे २० अंश कमी, ५.४ टक्के वाढ, एका पॅनेलचे ५२.२ व्होल्ट. अकरा पॅनेलचे ५७४. उन्हाळ्यात बसवलेली, सहा महिने छान चाललेली सिस्टिम जानेवारीतल्या एखाद्या सकाळी सूर्य उगवताच इन्व्हर्टर जाळून टाकेल, आणि कंपनी वॉरंटी नाकारेल, कारण मर्यादा आपण ओलांडलेली. माझा अंदाज उलटा होता. ऊन जास्त तर व्होल्टेज जास्त, असं मी धरलं होतं. कडक उन्हात करंट वाढतो, पण पॅनेल तापून व्होल्टेज उतरतो.

त्या बदल्यात मी त्याला क्रिंपिंग, कंड्युट वाकवणं आणि गच्चीवर पॅनेल कसं धरायचं ते शिकवलं. शेवटी लेखी परीक्षा, तोंडी आणि प्रॅक्टिकल झालं. प्रमाणपत्र हातात आलं.

पहिली नोकरी पुण्यातल्या एका छोट्या सोलर ठेकेदाराकडे. पगार महिना बारा हजार आणि साइटवर असलो की जेवण. वायरिंगची स्वतःची कामं करताना मी याहून जास्त कमवत होतो, घरी ते समजावणं सोपं गेलं नाही. पहिले दोन महिने मला मीटर हातात धरायलाच मिळाला नाही. पॅनेल वर चढवणं, ड्रिल मारणं, अर्थिंगचे खड्डे काढणं. एका घराला तीन अर्थिंग लागतात, एक डीसी आणि स्ट्रक्चरचं, एक एसीचं, एक वीजरोधकाचं, आणि प्रत्येक खड्डा पाच ओहमच्या आत यायला हवा. मुरमाड जमिनीत ते सहज येत नाही. ५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटरहून लांब, सव्वा मीटरच्या आत रुंद आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास असतं. वजनापेक्षा वाऱ्याची भीती जास्त. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याजवळ वाऱ्याची झुळूक आली की पॅनेल शिडासारखं माणसाला ओढतं. हार्नेस लाइफलाइनला अडकवल्याशिवाय आमचे दादा, म्हणजे सीनियर, पॅनेल उचलूच द्यायचे नाहीत. उशीर होतोय म्हणून मालक कुरकुरला तरी नाही.

आयटीआय आणि डिप्लोमा यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. माझा सोबती दुसऱ्या एका कंपनीत लागला. तो साइट पाहतो, सावली मोजतो, आराखडा काढतो, महावितरणचा अर्ज भरतो, नेट मीटर लागेपर्यंत मागे राहतो. अनुभव धरून तो सुपरवायझरच्या परवान्याच्या मागे लागला, कारण जोडणीच्या कागदांवर परवानाधारकाची सही लागते आणि ती ज्याची असते त्याची कंपनीत किंमत असते. माझ्यासारख्याला वायरमनचा परवाना. नुसत्या सोलरच्या प्रमाणपत्रावर तो मिळत नाही, त्याला इलेक्ट्रिकचा आयटीआयच कामाला येतो. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान मिळू लागलं, आणि आम्हाला दिवसाला एक घर असं काम सुरू झालं. घाई वाढली, आणि त्या घाईची फळं पावसाळ्यात बघायला मिळाली. त्यातली एक तक्रार इथे सविस्तर लिहितो. माझ्या मते या कामातलं खरं कौशल्य तिच्यात आहे.

जुलै महिना. एका बंगल्यावर सहा पॅनेलची सिस्टिम, दुसऱ्या कोणीतरी बसवलेली, देखभाल आमच्याकडे आलेली. मालक काका म्हणाले, "सकाळी लाल दिवा असतो, अकरानंतर आपोआप चालू होतं. तुम्ही येता तेव्हा बरोबर चालू असतं बघा." इन्व्हर्टरवर सकाळी `Isolation Fault` येत होतं. म्हणजे पॅनेलकडची एखादी तार कुठेतरी जमिनीला गळतेय. मी दोनदा दुपारी गेलो, तारेच्या आवरणातली गळती तपासणारा मेगर लावला, सगळं उत्तम. दादांना फोन केला. ते म्हणाले, "ओलं असताना जा. कोरड्यात काय सापडणार?"

रात्री पाऊस झाल्याचं पाहून सकाळी साडेसहाला पोचलो. लाल दिवा होता. ठरल्या क्रमानं सगळं बंद केलं, स्ट्रिंग इन्व्हर्टरपासून सोडवली आणि मल्टिमीटर डीसीवर आहे हे दोनदा पाहिलं. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हमध्ये २८२ व्होल्ट. सहा पॅनेल, म्हणजे एकाचे ४७. मग पॉझिटिव्ह ते अर्थ मोजलं, १८८. निगेटिव्ह ते अर्थ, ९४. दोन्हींची बेरीज २८२. निरोगी स्ट्रिंगचा अर्थशी काही संबंध नसतो, त्यामुळे तिथे मीटर थोडा वेळ भटकतो आणि आकडा खाली घसरत जातो. इथे दोन्ही आकडे ठाम उभे होते. म्हणजे स्ट्रिंगमधला एक बिंदू अर्थला टेकलेला आहे, आणि तो बिंदू कुठे आहे हेही आकडाच सांगतो. ९४ भागिले ४७, दोन. निगेटिव्ह टोकाकडून मोजलं तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलच्या मधली जोडणी.

हे गणित मला कोर्समध्ये फळ्यावर शिकवलं होतं. ओल्या गच्चीवर, मीटरमध्ये तो आकडा समोर आला तेव्हा मी एकदा खाली बसलो.

पॅनेल शेजारी असतात म्हणून तार त्याच क्रमानं जाते असं नाही, त्यामुळे निगेटिव्ह केबल हातानं धरून पहिल्यापासून माग काढला. रबरी हातमोजे घालूनच. स्ट्रिंग एका जागी अर्थला टेकलेली असताना दुसऱ्या टोकाला उघडा हात लागला आणि पाय स्ट्रक्चरवर असला, तर १८८ व्होल्ट माणसातूनच जाणार.

दुसऱ्या-तिसऱ्या पॅनेलमधली तार स्ट्रक्चरला पांढऱ्या केबल टायनं बांधलेली होती, म्हणजे कधीकाळी बांधलेली. साधे पांढरे टाय उन्हात वर्ष-दोन वर्षांत ठिसूळ होऊन तुटतात. तो तुटून तार खाली लोंबली होती आणि जीआय पट्टीच्या कापलेल्या कडेवर टेकली होती. वाऱ्यानं रोज थोडी थोडी घासत तिचं काळं आवरण एका जागी गेलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा, आत कथिलाचा मुलामा दिलेल्या तारा चमकत होत्या. कोरडं असलं की तार आणि पट्टीत केसाएवढं अंतर राहायचं, तेवढं पुरायचं. पाणी साचलं की गळती.

काकांना वर बोलावून दाखवलं. ते वाकून बघत राहिले. "एवढ्याशानं?" म्हणाले.

घासलेला भाग कनेक्टरपासून वीतभर अंतरावर होता, म्हणून तेवढी तार कापून नवीन एमसी फोर लावता आला. टेपनं गुंडाळून काम भागवता आलं असतं, पण टेप एका उन्हाळ्यात सुटतो आणि पुढच्या पावसात तोच लाल दिवा. पट्टीची कड कानशीनं मारली, वर झिंकचा रंग दिला, तार काळ्या उन्हात टिकणाऱ्या टायनं वर बांधली आणि तिथे कडेवर रबराची पट्टी बसवली. बाकीच्या सगळ्या जोडण्याही तपासल्या, आणखी चार टाय हात लावताच तुटले. मग मेगर ५०० व्होल्टवर. आधी ०.०४ मेगाओहम होतं, किमान १ हवं. आता पॅनेल ओलंच असताना २० च्या वर. सव्वानऊला इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला.

त्या दिवसानंतर दादांनी मला बसवणीच्या टोळीतून काढून तपासणीवर घातलं आणि पगार अठरा हजारांवर गेला. माझ्या पिशवीत आता डीसी क्लॅम्प मीटर आहे, स्वतःच्या पैशांनी घेतलेला. काळे टाय मी कंपनीच्या पेटीतून घेत नाही, स्वतः आणतो, कारण पेटीत पांढरे यायचे थांबलेले नाहीत.

आणि प्रत्येक घरी काम संपलं की डीसी बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला न पुसणाऱ्या पेननं चार गोष्टी लिहितो: तारीख, स्ट्रिंगचे व्होल्ट, मेगरचा आकडा, आणि निगेटिव्हकडून पॅनेलचा क्रम. पुढे जो कोणी पावसात सकाळी साडेसहाला तिथे येईल, त्याला माग काढत बसावं लागणार नाही.